ब्लॉगलेखन: दर शब्दावर लावायचा की लेखावर, आणि 'छोटे बदल' करारात कसे बांधायचे?

रेवती
पुण्यातल्या सोलर पॅनेल बसवणाऱ्या एका कंपनीसाठी महिन्याला चार मराठी ब्लॉग लिहायचे आहेत, प्रत्येकी साधारण १२०० शब्दांचे. ते शब्दाला दीड रुपया म्हणताहेत, हिंदी लेखकाला तेवढाच देतो म्हणून. मागच्या एका कामात पहिला खर्डा दिल्यावर 'छोटे बदल' संपतच नव्हते. या वेळी शब्दावर घेऊ की लेखाला ठोक रक्कम सांगू? आणि बदलांची मर्यादा एका पानाच्या करारात नेमकी कशी लिहायची?

मकरंद
ठोक सांगा, पण आकडा हवेतून काढू नका. आधी एका लेखाचे तास मांडा. ब्रीफ, म्हणजे लेखात काय हवं ते सांगणारा ग्राहकाचा कागद, वाचणं आणि फोनवरचं बोलणं पाऊण तास. माहिती काढणं आणि पडताळणं दोन तास, कारण अनुदान, नेट मीटरिंग, वीजदर यांतलं काही चुकून चालत नाही. आराखडा अर्धा तास, लेखन अडीच तास, स्वतःचं संपादन एक तास. दुवे, चित्रांच्या ओळी आणि गूगलसाठीचं वर्णन पाऊण तास. बदलांसाठी एक तास धरा. झाले साडेआठ.

दीड रुपयाने १२०० शब्दांचे १८०० मिळतात, म्हणजे तासाला २१२ रुपये. बदलांचे तीन तास वाढले की साडेअकरा तासांना तेच १८००, म्हणजे तासाला १५७. मागच्या कामात त्रास झाला तो बहुतेक इथेच. बदलांचं काम वाढलं तरी शब्द वाढत नाहीत, त्यामुळे त्या कामाचे पैसेही कुठे दिसत नाहीत.

तासाचा दर असा काढा: महिन्याला घरी ४५,००० यायला हवेत आणि इंटरनेट, लॅपटॉप, सॉफ्टवेअर यांचे ५,०००, असे ५०,००० धरू. महिन्यात २५ दिवस काम केलं तरी पैसे मिळतील असे तास दिवसाला चारच भरतात, बाकीचा वेळ नवीन काम शोधण्यात, बिलं करण्यात आणि फोनवर जातो. म्हणजे १०० तास, तासाला ५००. साडेआठ तासांचे ४,२५० रुपये. तुमच्या घरखर्चाचा आकडा वेगळा असेल, तो घालून बघा. हे तास ग्राहकाला दाखवायचे नाहीत, ते तुमच्या वहीत. दाखवलेत की 'आराखड्याला अर्धा तास कशाला?' इथून सुरुवात होते.

शब्दाच्या दराची आणखी एक खोट आहे. चांगलं संपादन म्हणजे बऱ्याचदा कापणं. १२०० चे ९५० केलेत तर लेख सुधारतो आणि तुमचे ३७५ रुपये जातात. जास्त मेहनतीला कमी पैसे देणारा दर मला कधीच पटलेला नाही.

खानदेशी
मकरंद, एवढं सोपं नाही. नवीन माणूस ठोक आकडा सांगतो तेव्हा तो हमखास कमी सांगतो, कारण स्वतःला किती वेळ लागतो याची नोंदच त्याच्याकडे नसते. मग १२०० चा लेख 'जरा सविस्तर करा' म्हणत १९०० वर जातो आणि रक्कम आहे तिथेच. शब्दाचा दर असला तर ते ७०० शब्द आपोआप बिलात येतात, भांडावं लागत नाही.

दुसरं, एजन्सीतून काम येतं तिथे सगळी बजेटं शब्दावर असतात. महिन्याला २० लेख, दर ठरलेला, महिनाअखेर बेरीज करून बिल. तिथे प्रत्येक लेखाचा वेगळा भाव सांगत बसलात तर काम दुसऱ्याकडे जातं. माझं मत: शब्दावरच घ्या, फक्त किमान रक्कम बांधा, की लेख कितीही छोटा झाला तरी हजार शब्दांचे पैसे मिळतीलच. कापण्याचा प्रश्न तिथेच मिटतो.

आणि करार १०० च्या स्टँपवर, नोटरीचा शिक्का मारून घ्या. साध्या कागदाला किंवा ईमेलला काही किंमत नाही.

सई
दरावर वाद घालण्याआधी शब्द कुठल्या भाषेतला ते बघा. रेवतीच्या प्रश्नात खरी मेख 'हिंदी लेखकाला तेवढाच देतो' यात आहे.

मराठीत 'बँकेतल्या खात्यातून पैसे काढण्यासाठी' हे चार शब्द. हिंदीत तेच 'बैंक के खाते से पैसे निकालने के लिए', मोजा, आठ शब्द. आपले विभक्तीप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात, हिंदीत ती सुटी लिहितात. 'छतावरच्या पॅनेलमधून' दोन शब्द, 'छत पर लगे पैनल से' पाच. प्रत्येक वाक्यात इतका फरक पडत नाही, पण लेखभर हिशेब आपल्या विरुद्धच जातो. सारखा दर म्हणजे सारख्या मजकुराला मराठी लेखकाला कमी पैसे.

हे ग्राहकाला तत्त्व म्हणून सांगू नका, दाखवा. त्यांच्याच वेबसाइटवरचा एखादा हिंदी लेख घ्या, त्यातले तीन परिच्छेद मराठीत लिहा, दोन्हीची शब्दसंख्या शेजारी-शेजारी ठेवून पाठवा. अर्ध्या तासाचं काम आहे.

यातून आणखी एक अडचण निघते. हिंदीच्या हिशेबाने '१२०० शब्द' मागणाऱ्याला मनात जेवढा मजकूर हवा असतो, तेवढा मराठीत हजाराच्या आत मावू शकतो. मग शेवटचे दोनशे शब्द फुगवावे लागतात आणि ते वाचणाऱ्याला लगेच कळतं.

खानदेशी
हे उदाहरण मान्य. पण दर वाढवून मागितला की एजन्सी म्हणते, आमचा रेटकार्ड सगळ्या भारतीय भाषांना एकच. तिथे हा मुद्दा चालत नाही, थेट ग्राहकाकडे चालेल.

सई
थेट ग्राहकच आहे इथे. आणि शब्दावर घ्यायचंच असेल तर काय मोजायचं ते आधी लिहून घ्या. शीर्षक, उपशीर्षकं, तक्त्यातले आकडे, शेवटची प्रश्नोत्तरं, चित्राखालच्या ओळी, गूगलमध्ये दिसणारं दोन ओळींचं वर्णन, हे सगळं धरायचं की नुसता मजकूर? खर्ड्याची संख्या धरायची की बदलांनंतरची? बिलाच्या वेळी हे प्रश्न आले की लेखकच नमतं घेतो.

दिगंबर
मी मुद्रितशोधन करतो. आमच्याकडे सोळा पानांच्या फॉर्मवर दर असतो, दोन प्रुफं ठरलेली, तिसऱ्याला वेगळे पैसे. तुम्हीही पानावर का घेत नाही? शब्द कोण मोजत बसणार.
जाता जाता, एका प्रकाशन संस्थेकडे माझे दोन महिन्यांचे पैसे अडकलेत. यावर काही उपाय आहे का?

मकरंद
दिगंबरराव, वेबवरच्या लेखाला पान नसतं, मोबाइलवर तो लांब आणि संगणकावर आखूड दिसतो. पण तुमची 'दोन प्रुफं ठरलेली' ही पद्धत इथे घेण्यासारखी आहे. छपाईत प्रुफाला हद्द आपोआप येते, कारण फॉर्म एकदा मशीनवर चढला की संपलं. वेबसाइटवरचा लेख कधीही उघडून बदलता येतो, म्हणून ती हद्द कागदावर घालावी लागते.

अनघा
मी पलीकडच्या बाजूची, एका कंपनीत लेखकांना काम देते. बदल का संपत नाहीत ते सांगते, कारण ते समजल्याशिवाय कलम नीट लिहिता येणार नाही.

ग्राहक बहुतेक वेळा मुद्दाम छळत नाही. लेख आधी मार्केटिंगमधली व्यक्ती वाचते आणि बदल पाठवते. तुम्ही ते करता. मग तो इंजिनियरकडे जातो, तो तांत्रिक चुका काढतो. तेही करता. शेवटी मालक वाचतात आणि म्हणतात, 'आपली भाषा अशी नको.' पहिल्या दोघांनी घालायला लावलेलंच ते काढायला लावतात. कंपनीच्या दृष्टीने हे एकच वाचन असतं, तीन माणसांचं. तुमच्या दृष्टीने तीन फेऱ्या. म्हणून करारात नुसतं 'दोन फेऱ्या मोफत' लिहून काही होत नाही, दोघांची फेरीची मोजणीच वेगळी असते.

लिहायचं ते असं: ग्राहकाच्या बाजूने एकच व्यक्ती, नावानिशी. तिने सगळ्यांचे शेरे एकाच डॉक्युमेंटमध्ये गोळा करून, आपसातल्या विसंगती मिटवून, एकदाच पाठवायचे. ती यादी म्हणजे एक फेरी. व्हॉट्सॲपवर आलेला व्हॉइस मेसेज फेरीत धरला जाणार नाही. हे वाचून आमच्यासारख्यांना राग येत नाही, उलट सुटका होते. मालकाकडे लेख आधी न्यायला आम्हालाही कारण मिळतं.

आणि आराखड्याला मंजुरी घ्या. उपशीर्षकं आणि प्रत्येकाखाली दोन ओळी, एवढंच. मालकांनी तो कागद बघितला असेल तर 'हा विषयच असा नको होता' हे वाक्य दुसऱ्या खर्ड्यानंतर येत नाही. पूर्ण लेख फेकण्यापेक्षा आराखडा फेकणं दोघांनाही स्वस्त पडतं.

ठोक दराबद्दल मात्र माझी शंका आहे. ४,२५० ऐकल्यावर मला त्यात काय-काय येतं ते कळत नाही. चित्रं शोधणं? वेबसाइटवर चढवणं? शब्दाच्या दरात निदान दोन लेखकांची तुलना करता येते. ठोक सांगणार असाल तर आत काय आहे ते उघडून दाखवा.

खानदेशी
फेरीची व्याख्या मान्य. पण मी तर सरळ लिहितो, फेरीत २० टक्क्यांपर्यंत शब्द बदलले तर मोफत, त्यावर गेलं की पैसे. आकडा आहे, वादच नाही.

अनघा
आहे ना वाद. 'घरमालकासाठी' ऐवजी 'कारखानदारासाठी' करा, एवढंच मी शीर्षकात बदललं तर एक शब्द बदलला, पण लेख नव्याने लिहावा लागेल. उलट, सगळ्या लेखात 'तू' चं 'तुम्ही' केलं तर क्रियापदं बदलून शब्द २० टक्क्यांच्या वर जातील, काम मात्र तासाभराचं. टक्क्यांवरून मेहनत कळत नाही.

मकरंद
अनघाताईंशी सहमत. बदल किती मोठा यापेक्षा तो का आला हे विचारा, आणि उत्तर मंजूर ब्रीफमध्ये शोधा. ब्रीफमध्ये होतं पण लेखात नाही किंवा चुकलंय, तर चूक लेखकाची, फुकट आणि फेरीत न धरता दुरुस्त. ब्रीफच्या चौकटीतच आहे पण ग्राहकाला वेगळ्या शब्दांत हवंय, तर ती फेरी. ब्रीफच्या बाहेरचं किंवा ब्रीफला उलटं, तर नवीन काम.

रेवतीच्याच विषयावर लावून बघू. समजा ब्रीफ असं आहे: स्वतःचा बंगला असलेल्या घरमालकांसाठी, बोलक्या भाषेत, पीएम सूर्यघर योजनेच्या अनुदानासह आणि महावितरणकडे नेट मीटरिंगसाठी करायच्या अर्जाच्या टप्प्यांसह. खर्ड्यावर पाच शेरे आले.

'तीन किलोवॅटला अनुदान ९०,००० लिहिलंय, ते चूक आहे.' बरोबर, चूकच आहे. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० मिळतात, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे तीनला ७८,००० आणि त्यावर कितीही क्षमता घेतली तरी घरगुती ग्राहकाला तेवढेच. तीस गुणिले तीन करून लेखक फसला. फुकट, लगेच.

'नेट मीटरिंगच्या अर्जाचा टप्पा सुटलाय.' ब्रीफमध्ये होता. फुकट.

'सुरुवात संथ वाटते.' चव. फेरीत.

'सोसायट्यांसाठीही एक भाग घाला.' सोसायटीच्या सामाईक वापरासाठीचं अनुदान वेगळं आहे, किलोवॅटला १८,०००, त्याची प्रक्रियाही वेगळी. बंगलेवाल्यांच्या लेखात हा नवा विषय आहे. नवीन काम, वेगळा भाव.

'भाषा जरा औपचारिक करा.' ब्रीफमध्ये 'बोलक्या भाषेत' लिहिलंय. ब्रीफला उलटं, म्हणून नवीन काम. पण ब्रीफमध्ये भाषेबद्दल काहीच नसतं तर? तर ती फेरी आणि तुमच्या दोन तासांचा खर्च. म्हणून माझ्या ब्रीफच्या कागदावर वाचक, भाषा, मुद्दे, शब्दसंख्या आणि 'या लेखात काय येणार नाही' हे पाच रकाने भरल्याशिवाय मी लेखनाला सुरुवात करत नाही. पाचवा रकाना लोक गाळतात आणि बहुतेक भांडणं तिथूनच निघतात.

सई
भाषेच्या रकान्यात विशेषणं लिहू नका, नमुना जोडा. 'सोपी', 'दर्जेदार' याचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा. कंपनीच्या आवडीच्या एखाद्या लेखाचा दुवा द्यायला सांगा आणि दोन-चार शब्दांची निवड तिथेच करून घ्या: 'सोलर' की 'सौरऊर्जा', 'वीजबिल' की 'विद्युत देयक', वाचकाला 'तुम्ही' की 'आपण'. हे आधी ठरलं की मालकांचा 'आपली भाषा अशी नको' हा शेरा अर्धाअधिक आधीच येऊन जातो.

शैला
खानदेशी, स्टँप आणि नोटरीबद्दल तुम्ही लिहिलंत ते अर्धंच बरोबर आहे. करार ईमेलवरच्या प्रस्तावाने आणि 'मान्य आहे' या उत्तरानेही होतो, माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम १०-अ त्यासाठीच आहे. अशा करारासाठी नोटरी लागतच नाही. मुद्रांक भरलेला नसला म्हणून करार रद्द होत नाही, कोर्टात पुरावा म्हणून दाखवताना शुल्क आणि दंड भरावा लागतो, एवढंच. आणि महाराष्ट्रात १०० चा स्टँप ऑक्टोबर २०२४ पासून ५०० वर गेलाय.

दिगंबरराव, तुमच्यासाठी: उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे का? ती मोफत होते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे सेवा देणाऱ्याला ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत फार तर ४५ दिवसांची, पैसे द्यावे लागतात. मुदत ठरलीच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. पण नोंदणी काम देण्याच्या आधीची हवी. आज नोंदवून जुन्या बिलावर हा हक्क सांगता येईल याचा भरवसा नाही. जुन्या बिलासाठी साधी लेखी मागणी करा, तारखा आणि बिल क्रमांकासह.

रेवती, तुम्ही मात्र काम सुरू करण्याआधीच नोंदणी करून घ्या आणि क्रमांक बिलावर छापा. मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च कंपनीला त्या वर्षाच्या आयकरात वजा करता येत नाही, प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी येतो. हा नियम २०२४ पासून लागू झालाय. त्यामुळे क्रमांक दिसला की हिशेब विभाग बिल बाजूला टाकत नाही.

अजून एक, कॉपीराइट. तुम्ही नोकर नाही, त्यामुळे लेखाचा पहिला मालकी हक्क तुमचा. तो कंपनीकडे जाण्यासाठी लेखी हस्तांतर लागतं. त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. वेबसाइट जगभर दिसते, त्यामुळे कंपनीला दोन्ही गोष्टी स्पष्ट लिहून हव्याच असतात. त्या द्या, पण 'पूर्ण रक्कम मिळाल्याच्या दिवसापासून' हे शब्द घालून. पैसे मिळेपर्यंत हक्क तुमच्याकडे राहतो.

मकरंद
सगळ्यांचं धरून एक मसुदा टाकतो. शैलाताई, बघून सांगा.

> १. काम: दरमहा ४ लेख, प्रत्येकी १००० ते १२०० शब्द, मंजूर ब्रीफप्रमाणे. यात संशोधन, आराखडा, लेखन, उपशीर्षकं, गूगलसाठीचं वर्णन आणि खालच्या कलमांतले बदल येतात. चित्रं आणि वेबसाइटवर चढवणं यात नाही. हवं असल्यास लेखामागे ४०० रुपये.
> २. रक्कम: लेखाला ४,२५० रुपये. महिन्याच्या रकमेपैकी निम्मी सुरुवातीला.
> ३. मंजुरी: ग्राहकाच्या वतीने फक्त ________ यांची. आराखडा मंजूर झाल्यावरच लेखन सुरू.
> ४. फेरी: वरील व्यक्तीने एकाच डॉक्युमेंटमध्ये एकदा पाठवलेली बदलांची पूर्ण यादी. दोन फेऱ्या रकमेत धरलेल्या. पुढच्या प्रत्येक फेरीला ७५० रुपये.
> ५. लेखकाची चूक (ब्रीफमधला मुद्दा सुटणं, चुकीची माहिती, शुद्धलेखन): लेख दिल्यापासून ३० दिवस विनामूल्य दुरुस्ती. फेरीत धरली जाणार नाही.
> ६. ब्रीफबाहेरचा किंवा ब्रीफविरुद्धचा बदल: नवीन काम. भाव लेखी मान्य झाल्यावरच सुरुवात.
> ७. खर्डा दिल्यापासून कामकाजाच्या ७ दिवसांत यादी आली नाही तर खर्डा मंजूर धरला जाईल.
> ८. उरलेली रक्कम: मंजुरीपासून १५ दिवसांत. लेख प्रसिद्ध होण्याशी पैशांचा संबंध नाही.
> ९. काम मध्येच थांबवल्यास: आराखड्यानंतर २५%, पहिल्या खर्ड्यानंतर ७५%.
> १०. पूर्ण रक्कम मिळाल्यावर लेखाचे सर्व हक्क, जगभरासाठी आणि कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी, ग्राहकाकडे.

आठव्या कलमातली दुसरी ओळ काढू देऊ नका. 'प्रसिद्ध झाल्यावर पैसे' मान्य केलंत तर त्यांची वेबसाइट दुरुस्तीला गेली तरी तुमचे पैसे अडकतात.

शैला
चालेल. सातव्याबद्दल: नुसतं कुणी गप्प बसलं म्हणून संमती झाली असं कायदा सहसा मानत नाही. इथे दोघांनी आधीच लिहून ठरवलंय म्हणून ते टिकतं. तरी सातव्या दिवशी एक ईमेल पाठवा, 'कलम ७ प्रमाणे आज खर्डा मंजूर धरत आहे.' न्यायालयापेक्षा समोरच्या माणसाला आठवण म्हणून ते जास्त उपयोगी पडतं.

अनघा
पाचवं कलम पटलं, मुदत घातलीत ते बरं. चौथ्यातल्या ७५० ला मात्र माझा विरोध आहे. तिसऱ्या फेरीत दोन स्वल्पविराम असले तरी ७५०, आणि पूर्ण भाग फिरवला तरी ७५०? तासावर ठेवा.

मकरंद
तासावर ठेवलं की तुम्ही तासाचा हिशेब मागणार. ठरलेली रक्कम असली की यादी पाठवण्याआधी ग्राहक नीट विचार करतो, तिचा उपयोगच तो. दोन स्वल्पविरामांचे पैसे मी घेत नाही, पण ते कलमात लिहीतही नाही.

अनघा
म्हणजे ते तुमच्या मर्जीवर राहिलं. मला ते पटत नाही. राहू दे.

खानदेशी
रेवती, एक मधला मार्ग. पहिला महिना तुमच्या शब्दाच्या दराने किमान रकमेसह करा आणि प्रत्येक लेखाला लागलेला वेळ लिहून ठेवा. चार लेखांची नोंद हातात आली की दुसऱ्या महिन्यापासून ठोक आकडा सांगा. मकरंदचे साडेआठ तास मकरंदचे आहेत.

मकरंद
नोंद ठेवणं शंभर टक्के बरोबर. पण दीड रुपयाने सुरुवात केलीत तर दुसऱ्या महिन्यात दुपटीहून जास्त मागावे लागतील, ते कुणीच देणार नाही. नमुना म्हणून एकच लेख ठोक रकमेत करा, तास मोजा, मग महिन्याचा करार करा.

दिगंबर
उद्यमची नोंदणी आजच करतो. माझ्या तिसऱ्या प्रुफाचे पैसे मागायला सहावं कलम वापरता येईल का?

सई
तिसऱ्या प्रुफाला चौथं कलम. लेखकाने प्रुफावर नवीन मजकूर घातला तर सहावं.

रेवती
खूप आभार. त्यांच्याशी बोलले. शब्दांची तुलना दाखवल्यावर दीड रुपयाचा आग्रह सुटला, एक लेख ४,२५० ला करून बघू म्हणाले. एकच अडचण: त्यांच्या खरेदी विभागाच्या फॉर्ममध्ये 'दर प्रति शब्द' हा रकाना भरावाच लागतो, ठोक रकमेचा रकानाच नाही.

सई
मग १२०० शब्द, दर ३.५५, एकूण ४,२६०. फॉर्म भरला जाईल आणि तुमची रक्कमही राहील.

अनघा
पण ऑर्डरवर एक ओळ घालून घ्या: 'शब्दसंख्या ब्रीफप्रमाणे धरली जाईल, प्रत्यक्ष मोजली जाणार नाही.' नाहीतर तुम्ही १०५० मध्ये चांगला लेख द्याल आणि हिशेब विभाग १५० शब्दांचे ५३२ रुपये कापेल. आणि महिन्याचा करार झाला की तिसऱ्या महिन्यात तुमचं बिल वर्षाच्या ५०,००० च्या वर जाईल, तेव्हा ते १० टक्के टीडीएस कापायला लागतील. ते पैसे बुडत नाहीत, विवरणपत्र भरताना वळते होतात, पण पहिल्यांदा कमी रक्कम आली की घाबरू नका.